विक्रीच्या शंभरामागे अडीच रुपये : अण्णाकाकांचे भाषण आणि भाड्याच्या गाळ्याचा प्रश्न

मुक्ता_ठाणे (धागाकर्ती)

गेल्या रविवारी घणसोलीला माझ्या चुलत भावाच्या नव्या किराणा दुकानाची सत्यनारायणाची पूजा झाली. सगळे कुटुंब जमले होते. आरती झाल्यावर, पाने मांडली जाण्याआधी, आमचे अण्णाकाका बोलायला उभे राहिले. त्यांचे वर्तकनगरला जुने किराणा दुकान आहे आणि गाळा त्यांच्या स्वतःच्या मालकीचा आहे. त्यांनी भाषण कागदावर लिहून आणले होते. तो कागद मी मागून घेतला आणि घरगुती उल्लेख वगळून खाली उतरवला आहे. माझा प्रश्न भाषणानंतर आहे.

«मंडळी, पूजेच्या दिवशी पैशांचे बोलू नका, असे वहिनी मला मघाशी म्हणाल्या, परंतु दुकानाच्या पूजेत हिशोबाचे बोलायचे नाही, तर मग ते कुठे बोलायचे? चिरंजीवांना मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती म्हणजे रोजच्या विक्रीतला ठरावीक हिस्सा त्याच रात्री बाजूला काढणे.

गल्ल्यात दहा हजार रुपये जमले, म्हणजे आपण दहा हजार कमावले, असे पहिले काही महिने प्रत्येक नव्या दुकानदाराला वाटते. त्यातले साडेआठ हजार मालाचे आहेत. ते जांभळी नाक्यावरच्या व्यापाऱ्याचे, नाहीतर उद्या आणायच्या गोणीचे. साखर आणि तेल शंभराला तीन-चार रुपये सोडतात, कंपनीचा पाकीटबंद माल आठ-दहा सोडतो, सुटी कडधान्ये, मसाले आणि पूजेचे साहित्य वीसच्या पुढे जातात. सगळे मिसळून माझ्या दुकानात शंभराला पंधरा सुटतात.

मग हिस्सा नफ्यावर का काढत नाही, असे मला पुष्कळ जण विचारतात. याचे कारण असे की नफा त्या रात्री कळत नाही. माल मोजल्याशिवाय, खराब झालेला बाजूला काढल्याशिवाय आणि बुडालेली उधारी सोडल्याशिवाय नफ्याचा आकडा येत नाही, आणि तो येईपर्यंत पैसे खर्च झालेले असतात. विक्री मात्र शटर ओढताना कळते. म्हणून टक्का विक्रीवर धरायचा. पण तो किती असावा, हे मात्र नफा पाहूनच ठरवायचे.

माझा हिशोब ऐका. महिन्याची विक्री तीन लाख, त्यात पंचेचाळीस हजार सुटतात. वीज, कामाच्या मुलाचा पगार, टेम्पो, हमाली, पिशव्या, सोसायटीची वर्गणी मिळून एकोणीस हजार जातात. घरी मी अठरा हजार देतो. आठ हजार उरतात. तीन लाखांवर आठ हजार म्हणजे शंभरामागे पावणेतीनच्या आत. त्यातला जरासा सोडून मी अडीच रुपये धरले. दहा हजारांच्या विक्रीला अडीचशे. पाच का नाही, दहा का नाही? कारण आठ हजारांच्या वर जो रुपया मी काढीन, तो माझा नसून व्यापाऱ्याचा असेल.

रात्रीचे काम असे असते. दुधाचा डबा वेगळा. पिशवीमागे रुपया-दीड रुपया सुटतो आणि सकाळी दूधवाल्याला रोख द्यावे लागते, म्हणून ती विक्री मी धरतच नाही. गल्ल्यातून सकाळी ठेवलेले सुट्टे वजा करायचे. क्यूआरवर आलेल्या पैशांची दिवसाची बेरीज मोबाइलवर पाहून त्यात मिळवायची. उधारीवर गेलेला माल धरायचा नाही, पण आज जुनी उधारी वसूल झाली असेल, तर ती धरायची. जे पैसे खरोखर हातात आले, त्यांवरच हिस्सा. त्याची रक्कम वहीच्या उजव्या रकान्यात लिहायची आणि पिग्मीवाला दुसऱ्या दिवशी दुपारी आला की त्याला द्यायची.

गणपतीत आमची अर्धी गिऱ्हाइके कोकणात जातात आणि विक्री आठ हजारांवर येते. तेव्हाही मी अडीच टक्के सोडत नाही. टक्का असल्यामुळे रक्कम आपोआप दोनशे होते. थांबलो, तर पुन्हा सुरू करायला दिवाळी उजाडते, हे मी माझ्या शेजारच्या दुकानांत पाहिले आहे. एवढेच. आता पाने मांडा.»

माझा प्रश्न असा आहे. भावाचा गाळा भाड्याचा आहे. भाडे अठरा हजार, करार अकरा महिन्यांचा. विक्री रोज आठ हजारांची होईल असा त्याचा अंदाज आहे. तो उद्यापासून अडीच टक्के काढणार म्हणतो, कारण काकांनी सांगितले. हे त्याला झेपेल का?

---

सीवूड्सकर

भाषण आवडले. मी स्वतः पगाराच्या दिवशीच वीस टक्के रक्कम म्युच्युअल फंडात आपोआप वळती करतो, त्यामुळे खर्च उरलेल्या पैशांतच भागवावा लागतो. आपल्या भावाला अडीच टक्के फार कमी आहेत. त्याने निदान पंधरा टक्क्यांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. तरुण वयात जोखीम घेता येते.

---

जांभळीनाका_हिशोबनीस

सीवूड्सकर, आपला वीस टक्के हा पगाराचा वाटा आहे आणि पगार पूर्ण आपला असतो. इथे विक्री आहे. शंभरातले पंच्याऐंशी ज्याचे आहेत त्याला ते द्यायचेच असल्यामुळे, किराणा दुकानदाराने विक्रीचे पंधरा टक्के काढणे म्हणजे सगळीच्या सगळी कमाई डब्यात टाकून भाडे, वीज आणि घर मालाच्या पैशांतून चालवणे होय.

मुक्ताताई, मी याच परिसरातल्या लहान दुकानांचे हिशोब लिहितो. काकांनी पद्धत अचूक सांगितली आहे, पण आकडा त्यांच्या गाळ्याचा आहे. भावासाठी तीच बेरीज पुन्हा करावी लागेल. रोज आठ हजार म्हणजे महिन्याला दोन लाख चाळीस हजार. काकांप्रमाणेच शंभराला पंधरा सुटतात असे तूर्त मानले, तर छत्तीस हजार. भाडे अठरा हजार, आणि वीज व टेम्पो वगैरेंचे सात हजार धरू; पंचवीस हजार गेले. अकरा हजार राहिले. आता तो घरी किती देतो, यावर सगळे अवलंबून आहे. कामाला मुलगा ठेवला आहे का, हेही सांगावे.

---

मुक्ता_ठाणे

मुलगा ठेवलेला नाही, तो आणि माझे धाकटे काका दोघे बसतात. वहिनी नोकरी करते, त्यामुळे घरी आठ हजार दिले तरी सध्या चालेल, असे तो म्हणतो. वीज आणि टेम्पोचा आपला अंदाज त्यालाही बरोबर वाटतो.

---

जांभळीनाका_हिशोबनीस

मग तीन हजार उरतात. दोन लाख चाळीस हजारांवर तीन हजार म्हणजे शंभराला सव्वा रुपया. त्यातही थोडी जागा सोडावी, म्हणून एक रुपया. आठ हजारांच्या विक्रीला रोज ऐंशी रुपये. अडीच टक्के काढले, तर महिन्याला सहा हजार बाजूला जातील आणि त्यातले निम्मे, म्हणजे तीन हजार, दर महिन्याला मालाच्या भांडवलातून कापले जातील. वर्षात छत्तीस हजारांचा माल फळीवरून नाहीसा होईल आणि पिग्मीच्या खात्यात बहात्तर हजार दिसतील, त्यातले निम्मे या मालाचेच असतील. त्याला वाटेल, बचत होते आहे.

परंतु यातला सगळ्यांत कच्चा आकडा पंधरा हा आहे. काकांचे गिऱ्हाईक जुने आहे, ते सुटे मसाले आणि कडधान्ये त्यांच्याकडूनच नेते. नव्या दुकानात लोक सुरुवातीला साखर, तेल, मॅगी आणि साबण घेऊन पाहतात. तिथे शंभराला बाराच सुटले, तर छत्तीसऐवजी अठ्ठावीस हजार आठशे येतील, पंचवीस हजार खर्चात जातील आणि घरी द्यायलाच चार हजारांच्या आत उरतील. त्या स्थितीत एक टक्का काढणेही खोटे आहे.

---

कोपरीकर

हिशोबनीस साहेब, आपण उगीच घाबरवता आहात, असे वाटते. माझे कोपरीला प्लास्टिक आणि भांड्यांचे दुकान आहे. मी सरसकट सगळ्या मालावर वीस टक्के चढवतो. त्यातले पाच बचतीला काढले, तरी पंधरा उरतात. भावानेही मालावर वीस चढवावेत, पाच काढावेत, प्रश्न मिटला. टक्के सरळ आहेत.

दुसरे असे की पिग्मीत पैसे कशाला ठेवायचे? तिथले व्याज नाममात्र असते. माझा व्यापारी रोख दिले तर बिलावर दीड टक्का सोडतो, उधारीवर नेले तर महिनाभराची मुदत देतो. महिन्याला दीड टक्का म्हणजे वर्षाला अठरा झाला. तेवढे व्याज कोणती बँक देते? आधी व्यापाऱ्याचे देणे शून्य करावे, मग बचतीचे बोलावे.

---

जांभळीनाका_हिशोबनीस

आपल्या दुसऱ्या मुद्द्याकडे नंतर येतो, कारण तो मला बराचसा पटतो. पहिला पटत नाही. आपण शंभराच्या घमेल्यावर वीस चढवून ते एकशे वीसला विकता. वीस रुपये एकशे वीसच्या विक्रीत आहेत, म्हणजे विक्रीच्या शंभराला साडेसोळाच्या आसपास. बचत आपण विक्रीवर काढता, म्हणून पाच वजा केल्यावर साडेअकरा उरतात, पंधरा नव्हे. महिन्याची विक्री दोन लाख असेल, तर हा फरक सात हजारांचा आहे. शिवाय किराण्यात वीस चढवणे दुकानदाराच्या हातात नसते; पाकिटावर किंमत छापलेली असते आणि साखरेचा भाव समोरच्या दुकानात लिहिलेला असतो.

खरोखर किती सुटतात, हे काढायची पद्धत सोपी आहे, फक्त कंटाळवाणी आहे. काकांच्याच मापाचे दुकान घ्या. तिमाहीच्या पहिल्या दिवशी फळीवरचा आणि मागच्या खोलीतला माल खरेदीच्या भावाने मोजला, तो तीन लाखांचा भरला. तीन महिन्यांत खरेदीची बिले सात लाख ऐंशी हजारांची झाली. शेवटच्या दिवशी पुन्हा मोजला, तो तीन लाख पंधरा हजारांचा निघाला. म्हणजे सात लाख पासष्ट हजारांचा माल दुकानाबाहेर गेला. विक्री नऊ लाखांची झाली. उरले एक लाख पस्तीस हजार, म्हणजे पंधरा टक्के. यात उंदरांनी खाल्लेला, मुदत संपलेला आणि घरी नेलेला माल आपोआप धरला जातो, आणि म्हणूनच तो आकडा बिलांवरून केलेल्या अंदाजापेक्षा नेहमी खाली येतो. घरी नेलेल्या मालाची चिठ्ठी गल्ल्यात टाकायची सवय भावाला लावता आली, तर उत्तम.

---

ऐरोली_वह्यापुस्तके

हा धागा वाचून मी माझा हिशोब काढला आणि आता मला झोप लागेल की नाही, याची शंका आहे. माझे स्टेशनरीचे दुकान आहे. एका व्हिडिओत ऐकून मी एप्रिलपासून विक्रीच्या दहा टक्के बाजूला काढतो. सप्टेंबरअखेर त्र्याण्णव हजार सहाशे रुपये जमले आहेत आणि मी त्यावर खूश होतो. आज माल मोजला. एप्रिलमध्ये साडेपाच लाखांचा होता, आता चार लाख ऐंशी हजारांचा आहे. घाऊक व्यापाऱ्याचे देणे तेव्हा चाळीस हजार होते, आता पंच्याण्णव हजार आहे. माल वजा देणे केले, तर एप्रिलचे पाच लाख दहा हजार आज तीन लाख पंच्याऐंशी हजार झाले आहेत. म्हणजे दुकानातून सव्वा लाख गेले आणि बचतीत त्र्याण्णव हजार सहाशे आले. मी बचत करत होतो की दुकान विकून खात होतो?

---

जांभळीनाका_हिशोबनीस

आपण काढलेली बेरीज योग्य आहे: माल, अधिक बाजूला ठेवलेले पैसे, वजा व्यापाऱ्याचे देणे. ही रक्कम वाढत असेल, तरच बचत खरी. आपली एकतीस हजार चारशेने घटली आहे.

तरी लगेच निष्कर्ष काढू नका. स्टेशनरीत एप्रिल आणि मे महिन्यांत जूनच्या शाळेसाठी दुकान ठासून भरलेले असते आणि सप्टेंबरात ते रिकामेच असायचे. त्यामुळे नुसता माल कमी झाला, याला अर्थ नाही. एप्रिलची तुलना पुढच्या एप्रिलशीच करा. मला खटकते ते देणे. हंगाम संपल्यावर, वह्या विकून पैसे आल्यावर, व्यापाऱ्याचे देणे खाली यायला हवे होते. आपले दुपटीहून अधिक झाले आहे. हंगामातला पैसा व्यापाऱ्याकडे न जाता डब्यात गेला, असा माझा तर्क आहे. दहा टक्के तूर्त थांबवून त्या रकमेतून जुनी बिले फेडावीत, असे मी म्हणेन.

हे कळायला माल मोजण्याचीही गरज नसते. व्यापाऱ्याचा माणूस पूर्वी पंधरवड्याने येऊन पैसे नेत असे, तो आता दोनदा परत जातो. आपण पाच डझनाऐवजी दोन डझन मागवतो. गिऱ्हाईक विचारते ती वही «उद्या येईल» असे सांगावे लागते. बचतीचे पुस्तक फुगत असताना या तीन गोष्टी दिसू लागल्या, तर टक्का जास्त आहे, असे समजावे.

---

ऐरोली_वह्यापुस्तके

तिसरी गोष्ट तर रोजची झाली आहे. देणे वाढण्याचे आणखी एक कारण आहे, हे मात्र सांगायला हवे. एका शाळेच्या मालाचे पैसे माझे अजून यायचे आहेत. ते आपल्या बेरजेत धरायचे का?

---

जांभळीनाका_हिशोबनीस

येणे नक्की असेल, तर धरा. पण काकांचा नियम हातात आलेल्या पैशांवरच हिस्सा काढायचा आहे, म्हणून हे पैसे आले नसताना त्यांवर हिस्सा काढला होता का, हे आधी पाहा. दहा टक्के बिलावर काढला असेल, तर न आलेल्या पैशांतून बचत झाली आहे.

---

ऐरोली_वह्यापुस्तके

बिलावरच काढला होता.

---

नेरुळ_पोळीभाजी

नमस्कार. मी घरून पोळी-भाजी केंद्र चालवते. रोजची विक्री चार हजारांच्या आसपास असते. आमच्याकडे शंभरातले पंचेचाळीस रुपये कणीक, भाजी, तेल आणि गॅसचे जातात, दहा रुपये डबे-पिशव्यांचे आणि पोळ्या लाटायला येणाऱ्या दोन मावशींचे मिळून पंचवीस. मला वीस टक्के सुटतात म्हणायचे का? आणि त्यातला किती हिस्सा काढू? आणखी एक अडचण आहे. डबे पोहोचवणाऱ्या ॲपवरचे पैसे आठवड्याने, त्यांची कापणी होऊन येतात, त्यामुळे रोजचा हिशोब जमत नाही.

---

जांभळीनाका_हिशोबनीस

ताई, ॲपचे पैसे ज्या दिवशी खात्यात येतील, त्या दिवशी जेवढे आले, तेवढ्यावरच हिस्सा काढा. मोबाइलवर दिसणारी ऑर्डरची मोठी रक्कम विसरा. मात्र आपली पंचेचाळीस, दहा आणि पंचवीस ही विभागणी थेट विक्रीची असेल. ॲपवरच्या शंभरातून त्यांचा वाटा गेल्यावर तोच वीस कदाचित शून्याच्या जवळ जात असेल. दोन्ही विक्री वेगळ्या लिहिल्याशिवाय मी टक्का सांगणे योग्य होणार नाही. आणि वीसमध्ये आपल्या स्वतःच्या कष्टाचा मोबदला धरलेला नाही, हे विसरू नये. दुकानदार घरी पैसे देतो, तसे आपणही आधी काही घेतले पाहिजे.

---

नेरुळ_पोळीभाजी

वेगळे लिहीत नाही. या महिन्यापासून दोन वह्या करते. मोबदल्याचे मात्र घरात कुणी आजवर विचारलेच नव्हते.

---

निवृत्त_पिग्मी

मी आयुष्यभर पिग्मी गोळा केली, म्हणून कोपरीकरांच्या दुसऱ्या मुद्द्यावर बोलतो. व्याज कमी असते, हे खरे आहे. दारात येऊन पैसे नेणाऱ्या एजंटाचे कमिशन त्यातूनच निघते, आणि वर्ष पुरे होण्याआधी पैसे काढले, तर बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाहीच, उलट काही रक्कम कापली जाते. खाते उघडताना मुदतीपूर्वीच्या कापणीचा नियम लेखी मागून घ्यावा. एजंटाने यंत्रातून काढलेली पावती त्याच क्षणी वाचावी आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पुस्तक भरून आणावे. हे काम एजंटाकडे देऊ नये. मी स्वतः एजंट होतो, म्हणून सांगतो.

पैसे बँकेत आहेत की पतसंस्थेत, हे पाहावे. बँकेतली ठेव, सहकारी बँक धरून, व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याखाली येते. २०२० सालापूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पाटीवर नाव सारखेच वाटते, म्हणून पुष्कळ जण हे विचारतच नाहीत.

तरीही लहान दुकानदाराला मी पिग्मीच सांगेन. दुपारी तीनला माणूस समोर येऊन उभा राहतो, तेव्हा पैसे निघतात. स्वतः बँकेत जायचे ठरवले, की आज गर्दी आहे, उद्या जाऊ.

---

कोपरीकर

साडेसोळाचे गणित मान्य. रात्री बिले काढून पाहिली. पण आपण दोघेही माझा अठरा टक्क्यांचा मुद्दा टाळता आहात.

---

जांभळीनाका_हिशोबनीस

टाळत नाही. ज्याच्यावर व्यापाऱ्याचे देणे आहे आणि ज्याला रोखीत सूट मिळते, त्याने आधी देणे फेडावे. पैशांच्या दृष्टीने आपण बरोबर आहात. अडचण एवढीच की मालात गेलेला पैसा गरजेला परत येत नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर मे महिन्यात बिघडला, किंवा अकरा महिने संपल्यावर गाळामालकाने अनामत वाढवून मागितली, तर घमेली परत करून पैसे मिळत नाहीत. भावासारख्या भाडेकरूला निदान दोन महिन्यांचे भाडे, म्हणजे छत्तीस हजार, मालाबाहेर हवेत. रोज ऐंशी रुपयांनी त्याला सव्वा वर्ष लागेल, आणि तोपर्यंत पहिला करार संपलेला असेल. म्हणून दिवाळीच्या महिन्यात जास्त सुटले, तर ते त्यात घालावेत. त्या छत्तीस हजारांनंतर आपला अठरा टक्क्यांचा हिशोब लागू करायला माझी हरकत नाही.

---

मुक्ता_ठाणे

मी हा सगळा धागा अण्णाकाकांना वाचून दाखवला. एका गोष्टीवर मात्र त्यांचे आणि हिशोबनीस साहेबांचे जमेल, असे दिसत नाही, म्हणून विचारते. गणपतीत विक्री आठ हजारांवर आली, तरी टक्का सोडायचा नाही, हे काकांचे म्हणणे आपल्याला पटते का?

---

जांभळीनाका_हिशोबनीस

नाही. टक्क्यामुळे रक्कम आपोआप कमी होते, हे खरे. पण वीज, पगार आणि घरखर्च आपोआप कमी होत नाहीत. काकांचे दुकान महिनाभर आठ हजारांवर राहिले, तर विक्री दोन लाख चाळीस हजार, सुटणारे छत्तीस हजार, आणि खर्च व घर मिळून सदतीस हजार. आधीच एक हजार तुटतात. त्यावर अडीच टक्क्यांचे सहा हजार काढले, तर सात हजार मालातून गेले. त्यांच्या आकड्यांवर अडीच टक्के खऱ्या अर्थाने पेलायला रोजची विक्री नऊ हजार नऊशेच्या आसपास हवी. त्याखाली पंधरा दिवस गेले, तर हिस्सा थांबवावा, असे माझे मत आहे.

---

मुक्ता_ठाणे

काकांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत देते. «गिऱ्हाईक गावाला गेल्यावर मी मालही कमी भरतो, म्हणून त्या महिन्यात माझ्याकडे रोख रक्कम तुटत नाही, आणि घरी मी तेव्हा अठराऐवजी चौदाच देतो, हे तुझ्या काकूला विचार. गणपतीनंतर दिवाळीचा रवा, बेसन आणि तेल भरतो, ते पिग्मीच्या पैशांतून रोखीने. सात हजार मालातून गेले, असे ते म्हणतात, तर ते तिथेच परत जातात.»

काकूने मात्र चौदा हा आकडा मान्य केला नाही. ती म्हणाली, बारा.

---

जांभळीनाका_हिशोबनीस

काकूंचे बारा खरे असतील, तर खर्च एकतीस हजारांवर येतो, छत्तीसमधून पाच हजार उरतात आणि सहा काढूनही तूट फक्त एक हजाराची राहते. मग काकांचे चालते. पण ते काकूंच्या बळावर चालते, टक्क्याच्या नव्हे, आणि भाडे भरणाऱ्या भावाला ती सोय नाही. त्याचे अठरा हजार गणपतीतही अठराच राहतील. माझे मत मी बदलत नाही.

---

निवृत्त_पिग्मी

मी काकांच्या बाजूने आहे. माझ्या पुस्तकातले जे दुकानदार एकदा थांबले, त्यांतले थोडेच पुन्हा सुरू झाले. थांबण्याऐवजी त्या महिन्यात ऐंशीचे वीस करावेत, पण माणसाला रिकामे परत पाठवू नये.

---

मुक्ता_ठाणे

सर्वांचे आभार. भावाने काल पहिल्यांदा माल खरेदीच्या भावाने मोजून वहीत लिहिला. तो दोन लाख दहा हजारांचा निघाला. पुढची मोजणी तीन महिन्यांनी करील, आणि तोपर्यंत शंभरामागे एक रुपया काढून तो डब्यातच ठेवणार आहे. आकडा बाराचा निघाला, तर ते पैसे परत गल्ल्यात घालायचे आणि पंधराच्या जवळ निघाला, तरच पिग्मी सुरू करायची, असे त्याने ठरवले आहे. घरी नेलेल्या मालाची चिठ्ठी टाकायला माझे धाकटे काका अजून तयार नाहीत. स्वतःच्या दुकानातल्या बिस्किटांची चिठ्ठी कसली, असे ते म्हणतात.